तिसरा पेग पहिल्यासारखा का लागत नाही

पत्र: नमस्कार डॉक्टर ताई, वय ३६, वजन ७५ किलो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा मित्रांसोबत बसतो. आठला सुरू केलं की पहिल्या दोन पेगात मी एकदम फॉर्मात असतो, बोलतो, सगळ्यांना हसवतो, गाणी म्हणतो. दहा-साडेदहाला सगळं विझतं, जांभया येतात, उगाचच उदास वाटतं. तो मूड परत आणायला तिसरा घेतो, मग चौथा, पण मूड काही येत नाही, उलट जड होतो आणि कधीकधी भांडणही होतं. पहाटे तीनला टक्क जाग. आमच्यातला एक जण चार घेऊनही तसाच ताजातवाना असतो आणि वर स्वतः गाडी चालवत घरी जातो. माझी कपॅसिटी कमी आहे का? का ब्रँड बदलून बघू? – विझलेला फुलबाजा

उत्तर:

ब्रँड बदलून काहीही होणार नाही, ते आधीच सांगून टाकते म्हणजे पैसे वाचतील. व्हिस्की असो, वाइन असो की बियर, आत जे काम करतं ते एकच, इथेनॉल, आणि तू जे लिहिलंयस ना ते इथेनॉलच्या स्वभावाचं इतकं बरोबर वर्णन आहे की मला स्टुडंट्सना शिकवायला वापरता येईल. एकच पदार्थ आधी उठवतो आणि मग झोपवतो. आम्ही लोक याला बायफेजिक इफेक्ट म्हणतो, म्हणजे दोन टप्प्यांचा परिणाम. मराठीत आपल्याकडे त्याहून भारी शब्द आधीपासून आहेत, दारू चढते आणि दारू उतरते. फक्त गोची अशी की आपण "उतरली" म्हणतो तेव्हा ती खरं तर उतरलेली नसते, पण त्यावर नंतर येते.

आधी हे बघ की दारू उत्तेजक नाहीच. मेंदूत एक ब्रेकवालं रसायन असतं, गाबा, आणि एक ॲक्सिलरेटरवालं, ग्लुटामेट. दारू गाबाचा ब्रेक अजून घट्ट करते आणि ग्लुटामेटचा पाय पेडलवरून काढते, म्हणजे दोन्हीकडून मेंदूला मंदच करते, पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत. मग सुरुवातीला तू गाणी का म्हणतोस? कारण थोड्या दारूत सगळ्यात आधी ढिलं पडतं ते कपाळामागचं, लगाम धरून बसलेलं डिपार्टमेंट, जे एरवी तुला सांगत असतं की हे बोलू नको, लोक काय म्हणतील, तुझा सूर लागत नाही. वर्गातून सर बाहेर गेले की पोरं दंगा करतात ना, तसं. पोरांना काही नवीन शक्ती आलेली नसते, फक्त सर नसतात. आणि मग दारू वाढत गेली, वेळ गेला, की तीच पोरंही एकेक करून बाकावर डोकं ठेवून झोपायला लागतात. तुझा साडेदहाचा टप्पा तो.

पण नुसतं सर बाहेर गेले एवढंच नाहीये, त्या पहिल्या तासात खरोखरचा आनंदही असतो. रक्तात दारू वाढत असताना मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या भागात डोपामिन उसळतं आणि शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं रसायन, एंडॉर्फिन, तेही सुटतं. हे नुसतं थिअरीपुरतं नाही. नाल्ट्रेक्झोन नावाची गोळी आहे, ती एंडॉर्फिनच्या जागा अडवते, आणि ती घेऊन प्यायलेले बरेच लोक सांगतात की दारू लागली पण मजा नाही आली. (दारूच्या व्यसनावर ती औषध म्हणून वापरतात ती याचसाठी, पण स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, लिव्हर बघावं लागतं आणि अजूनही काही गोष्टी बघाव्या लागतात.) त्याच वेळी हृदयाचे ठोके थोडे वाढतात, चेहरा गरम होतो, म्हणून सगळं अंगच जागं झाल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा भाग निव्वळ अपेक्षेचा असतो, दारू आहे असं सांगून बिनदारूचं पेय दिलं तरी काही लोक मोकळे व्हायला लागतात. मित्र, गप्पा, सुट्टीची रात्र, हे सगळं आपण पेगच्या खात्यावर जमा करतो.

मुद्दा असा की ही उसळी टिकाऊ नसते. ती दारू किती आहे यापेक्षा ती *वाढत* आहे का आणि किती पटकन वाढते आहे यावर जास्त चालते. चढ असतो तोवर मजा. चढ संपला, सपाटी आली किंवा उतार लागला की डोपामिन परत जागेवर जातं आणि मागे उरतो तो फक्त ब्रेक, तो मात्र जोवर रक्तात दारू आहे तोवर सुरूच. त्यात भर म्हणून मेंदूत ॲडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन दारूमुळे वाढतं (कॉफी ज्याला अडवते तेच हे). जांभया तिथून येतात.

आता तुझीच रात्र घेऊ आणि आकडे लावू, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही, मलाही शिकताना पटलं नव्हतं. पेग ६० मिलीचा आणि दारू ४० टक्क्यांची धरते, म्हणजे एका पेगात साधारण १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७५ किलोच्या पुरुषाच्या शरीरात ते पसरलं की १०० मिली रक्तात साधारण ३७ मिलीग्रॅम होतं. लिव्हर त्यातलं तासाला १५ च्या आसपास काढून टाकतं, काहींचं १० काढतं, काहींचं २०, पण मधलं धरू. हे अंदाज आहेत हं, पोटात जेवण किती, किती भरभर प्यायलास यावर वरखाली होणार, पण रात्रीचा आकार हाच राहतो.

आठला पहिला पेग. पावणेनऊच्या आसपास दुसरा, तो नऊला संपला. पावणेनऊला तू साधारण २५ वर आहेस, नऊ वाजायच्या थोडं आधी ३७ वर, आणि सव्वानऊ-साडेनऊला सगळ्यात वर, ५० ते ५५ च्या मधे कुठेतरी. ही तुझी गाण्यांची वेळ. बऱ्याच लोकांना ५० च्या आसपासच सगळ्यात छान वाटतं, त्याच्या खूप वर गेलं की मजा वाढत नाही, फक्त तोल आणि जीभ जायला लागते. दुसऱ्यानंतर काहीच घेतलं नाहीस तर साडेदहाला तू पुन्हा ३७ वर असशील, बाराला १५ च्या खाली आणि एकच्या सुमारास शून्याजवळ.

आता इथे जरा थांब आणि तो ३७ दोनदा बघ. नऊच्या आधी एकदा ३७ होतं आणि साडेदहाला परत ३७. रक्तात दारू अगदी तेवढीच, माणूस तोच, खोली तीच, पण नऊचा माणूस जोक मारतोय आणि साडेदहाचा माणूस जांभया देत भिंतीकडे बघतोय. म्हणजे तुला साडेदहाला दारू *कमी पडली* असं जे वाटतं ना, ते चूक आहे. दारू तेवढीच आहे. चढ कमी पडलाय.

एडवर्ड मेलॅनबी म्हणून एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होता, त्याने १९१९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं की रक्तातलं प्रमाण सेम असलं तरी चढताना कुत्रा जास्त लडखडतो आणि उतरताना कमी. त्याचंच नाव पडलं, मेलॅनबी इफेक्ट. एकाच बैठकीत, दोन-तीन तासांत, मेंदू दारूशी थोडं जुळवून घेतो. हे ऐकून तुझा तो मित्र खूश होईल, पण त्याच्याकडे मी येतेच आहे.

आधी तिसरा पेग. सव्वादहाला तू ४० वर आहेस आणि मूड गेलाय, म्हणून तू तिसरा घेतोस. तुझ्या डोक्यात हिशोब असा की पहिल्याने मजा आली, दुसऱ्याने अजून आली, तर तिसरा ती परत आणेल. पण पहिला पेग शून्यावरून चढला होता. हा ४० वरून चढतोय, त्यात मेंदू आता दोन तासांचा मुरलेला आहे, ब्रेक आधीच दाबलेला आहे, ॲडेनोसिन साचलंय. त्यामुळे थोडी झुळूक येते, पंधरा-वीस मिनिटं वाटतं की हां आलं आलं, आणि अकराला तू ६५ च्या वर आहेस, म्हणजे तुझ्या गाण्यांच्या वेळेपेक्षाही वर, पण गाणी नाहीत. मग वाटतं अजून एक. अकराला चौथा, आणि साडेअकराला तू ९५ वर. इथे चढ असो की उतार, काही फरक पडत नाही, एवढ्या प्रमाणात मंदपणाच जिंकतो. शब्द घसरतात, समोरच्याचं बोलणं अर्धंच कळतं आणि जे कळतं ते उलटं कळतं, कारण चेहरा वाचणं आणि बोलायच्या आधी थांबणं ही दोन्ही कामं त्याच कपाळामागच्या डिपार्टमेंटची आहेत. भांडण तिथून होतं. तू पहिल्या दोन पेगला भांडलास असं एकदाही लिहिलेलं नाहीस, ते मी मार्क केलंय.

म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पेगने तू जे विकत घेतोस ते पहिल्या तासाचं सुख नाहीये. ते फक्त वजन आहे, आणि त्याचं बिल पहाटे येतं.

तीनची जाग. चार पेगचं गणित केलं तर रात्री तीनला तुझ्या रक्तात अजून ४० च्या आसपास आहे आणि ते शून्याला पोचेल सकाळी सहाच्या सुमारास. रात्रभर मेंदू हा ब्रेक दाबलेला अनुभवत असतो आणि तो काही गप्प बसत नाही, तो स्वतःचा ॲक्सिलरेटर दाबत जातो, समतोल राहावा म्हणून. दारू लिव्हर काढत जातं तसा ब्रेक सुटत जातो, पण मेंदूने दाबलेला ॲक्सिलरेटर लगेच सुटत नाही. मग काय होणार, तू टक्क जागा, छाती धडधडतीये, घाम, आणि काल काय बोललो याची चिंता. रात्रीच्या पहिल्या भागात दारूने तुला एकदम गाढ झोपवलेलं असतं आणि स्वप्नांची झोप दाबून ठेवलेली असते, दुसऱ्या भागात ती सगळी उसवते, तुकड्या-तुकड्यांत झोप लागते आणि विचित्र स्वप्नं पडतात. लोक मला सांगतात की दारूने झोप छान लागते. लागते छान, टिकत नाही. आणि तीनला जाग आली म्हणून पुन्हा घोटभर घेणारे लोक मी पाहिलेत, तू ते करत नाहीयेस असं धरते. करत असशील तर हे उत्तर पुरेसं नाही, सरळ डॉक्टरकडे जा.

आता तुझा मित्र.

कपॅसिटी हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरतात, जणू काय छातीचं माप आहे. प्रत्यक्षात तुझ्या मित्राचं लिव्हर काही जादूने दुप्पट वेगाने चालत नाही. रोज खूप पिणाऱ्यांचं थोडं जास्त वेगाने चालतं हे खरं, पण त्याने त्याच्या त्या रात्रीत मोठा फरक पडत नाही. त्याचं वजन तुझ्याइतकंच असेल आणि तोही तुझ्यासारखेच चार घेत असेल तर साडेअकराला तोही नव्वदच्या आसपासच आहे. फरक एवढाच की त्याच्या मेंदूत दुसरा टप्पा, म्हणजे मंद करणारा, त्याला *जाणवत* नाही आणि पहिला टप्पा लांब टिकतो. तुला निसर्गाने दहा वाजता जांभई देऊन सांगितलं की बास. त्याला तो मेसेज येत नाही.

आणि हे चांगलं लक्षण नाहीये. शिकागो विद्यापीठातल्या अँड्रिया किंग यांनी तरुण पिणाऱ्यांना लॅबमध्ये मोजून दारू दिली, त्यांना किती तरतरी आली, किती सुस्ती आली, किती आवडलं ते विचारलं, आणि मग तीच माणसं दहा वर्षं फॉलो केली. ज्यांना तरतरी आणि मजा जास्त जाणवत होती आणि सुस्ती कमी, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त दिसलं. त्याच्याही आधी मार्क शुकिट यांनी दारूचं व्यसन असलेल्या वडिलांची मुलं वर्षानुवर्षं तपासली होती आणि त्यातही हेच निघालं की विशीत ज्यांना दारू कमी "लागत" होती त्यांनाच पुढे धोका जास्त. म्हणजे प्रत्येकाचं असं होतं असं नाही, पण "मला काही होत नाही" हे वाक्य मी क्लिनिकमध्ये ऐकलं की पेन बाजूला ठेवून नीट ऐकायला लागते. तेव्हा तुझी कपॅसिटी कमी आहे का, तर नाही, तुझा अलार्म शाबूत आहे, आणि तू दर आठवड्याला तिसऱ्या पेगने तो अलार्म बंद करायला बघतोयस.

गाडीचं मला जरा जास्त लिहायचंय कारण इथेच हा दोन टप्प्यांचा प्रकार माणसं मारतो. मेलॅनबीचं वर सांगितलं की उतारावर मेंदू जुळवून घेतो. पण तो सगळ्या बाबतीत सारखा जुळवून घेत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. "मला आता चढलेली नाही" ही *भावना* सगळ्यात आधी परत येते. पाय सरळ पडायला लागतात, जीभ सुधारते. पण ऐनवेळी थांबणं, म्हणजे पाय उचलला असताना समोर काही आलं आणि तो उचललेला पाय ब्रेकवर नेणं, चुका न करणं, दोन गोष्टींकडे एकदम लक्ष ठेवणं, हे मागेच राहतं. म्हणजे उतारावरचा माणूस चढावरच्या माणसापेक्षा जास्त कॉन्फिडंट असतो आणि तेवढा सुधारलेला नसतो, आणि वर त्याला झोपही येत असते. याहून वाईट कॉम्बिनेशन स्टिअरिंगमागे मला सुचत नाही. आणि बैठक संपते नेमकी उतारावर, घरी जायची वेळ नेमकी तीच. तुझा मित्र नव्वदवर आहे, कायद्याची मर्यादा देशागणिक वेगळी आहे पण ८० च्या वर फारसा कुठला देश सोडत नाही. आणि तू स्वतः दोनच पेग घेऊन साडेदहाला "उतरली, निघतो" म्हणालास तरी ३७ वर आहेस, ती उतरलेली नाही, उतरते आहे, यात फरक आहे. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की आपला शब्द गोची करतो.

कॉफी किंवा एनर्जी ड्रिंकचं कुणी ना कुणी विचारतंच म्हणून लिहिते. कॅफिन ॲडेनोसिनला अडवतं, म्हणजे जांभया थांबतात, पण रक्तातला आकडा एका मिलीग्रॅमने हलत नाही आणि चुकाही तशाच राहतात. तुझ्याकडे जो अलार्म आहे तो कॅफिनने बंद होतो आणि तू तुझ्या मित्रासारखा होतोस, जागा पण प्यायलेला. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळून पिणारे लोक त्यामुळेच जास्त पितात, त्यांना दुसरा टप्पा कळतच नाही. थंड पाणी, आंघोळ, उलटी, लिंबू, यानेही काही होत नाही. वेळ जाऊ देणे हा एकच उपाय, तासाला पंधरा.

मग करायचं काय. मला तुला "सोड" असं सांगता येईल आणि तब्येतीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कमी तितकं चांगलं याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही, पण तू ते विचारलं नाहीस. तू विचारलंस की मूड का विझतो, तर त्याच प्रश्नाच्या आत राहून सांगते. तुझी सगळी मजा पहिल्या दीड तासात, पहिल्या दोन पेगांत आहे, हे तुझ्याच पत्रात आहे. तेव्हा तिसऱ्याचा निर्णय आठच्या आधी घे, दहाला नाही, कारण दहाला निर्णय घेणारं डिपार्टमेंटच सुट्टीवर असतं. आणि दहाची ती उदासी आली की तिला नाव दे, हा उतार आहे, मूड गेलेला नाही आणि आयुष्यही वाईट चाललेलं नाही. मला माहितीये हे ऐकायला बाळबोध वाटतं. पण बहुतेक लोक त्या वेळी ती उदासी खरी मानतात, आयुष्याचं काहीतरी बिनसलंय असं समजून त्यावर औषध म्हणून पेग घेतात. अर्धा-पाऊण तास काढ, बाहेर जरा उभा राहा, काहीतरी खा, बिनदारूचं काही हातात धर (हातातला रिकामा ग्लास हाच अर्ध्या लोकांच्या तिसऱ्या पेगचं कारण असतो), आणि साडेअकरापर्यंत बघ. तू तेव्हा पंचवीसच्याही खाली आलेला असशील आणि बऱ्याच जणांना तिथे पुन्हा हलकं वाटायला लागतं.

दुसरं, जेवून बस. नंतर जेवायचं हा जो रिवाज आहे तो उलटा आहे. पोटात अन्न असलं की दारू आतड्यात हळूहळू जाते, शिखर कमी उंच येतं. हां, एक प्रामाणिकपणे सांगते, यात सुरुवातीची उसळीही थोडी कमी होते कारण चढ मंद होतो. पण जेवढं उंच चढशील तेवढंच खाली यावं लागतं. उपाशीपोटी भरभर दोन पेग मारले की उसळी मोठी येते, आणि त्याच हिशोबाने साडेदहाचा खड्डाही मोठा येतो. आणि पेग मोजून ओत. हाताने ओतलेला "एक" बऱ्याच वेळा ८०-९० मिलीचा असतो, मग मी वर केलेला सगळा हिशोब वाया.

तुमच्या ग्रुपमध्ये बायका असतील तर त्यांना तुझा हिशोब लावू नको. त्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाणी कमी असतं म्हणून तेवढ्याच पेगला आकडा साधारण चौथाई हिश्श्याने जास्त येतो, आणि वजनही बहुतेक वेळा कमी असतं. त्यांचे दोन हे तुझे तीन असू शकतात.

एका बाबतीत मात्र माझा सूर बदलतो. झोपेच्या गोळ्या, फिट्सच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, अफूच्या जातीतले स्ट्राँग पेनकिलर, यातलं काही चालू असेल तर तुझ्यासाठी पहिला टप्पा-दुसरा टप्पा हे सगळं विसर, तिथे एक पेगही दुसऱ्या टप्प्याच्या खोल टोकाला नेऊ शकतो, जिथे श्वास मंदावतो. आणि बैठकीत कुणी बेशुद्धच पडला, हलवून, चिमटा काढून उठत नाही, श्वास फार सावकाश आहे, दोन श्वासांमध्ये दहा सेकंद जातायत, ओठ निळसर दिसतायत, तर "झोपू दे त्याला, उतरेल" असं म्हणायचं नाही. शेवटचा ग्लास पोटात असतो, आकडा अजून *वाढत* असतो. कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही, एकटं सोडायचं नाही आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची.

तू लिहिलं नाहीस पण शेवटच्या दोन ओळींमधून मला वाटलं की तुला हेही विचारायचं होतं, मी व्यसनी होतोय का. आठवड्यातून एकदा बसणं आणि विझणं म्हणजे व्यसन नाही. पण मी पुढच्या सहा महिन्यांत या गोष्टींवर लक्ष ठेवीन: पहिला टप्पा यायला दोनच्या ऐवजी तीन-चार पेग लागायला लागले का, दहाच्या जांभया आपोआप बंद झाल्या का, दोनवर थांबायचं ठरवून तू वारंवार चारवर पोचतोयस का, आणि सोमवारपासूनच शनिवारची वाट बघतोयस का. जांभया बंद झाल्या तर आनंद मानू नको, मला लिही. आणि कुणी वाचणारा रोज पिणारा असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर त्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद करायचं नाही, त्याच्या मेंदूचा ॲक्सिलरेटर कायमचाच दाबलेला आहे, एकदम दारू काढली तर फिट येऊ शकते, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं.

पुढच्या वेळी एकच प्रयोग कर. मोबाइलमध्ये नऊला, साडेदहाला आणि साडेअकराला मूडला दहापैकी मार्क देऊन ठेव. एका शनिवारी दोनवर थांब, दुसऱ्या शनिवारी नेहमीसारखे चार घे (गाडीची किल्ली घरीच ठेवून), आणि दोन्ही रविवारी सकाळी उठल्यावर ते मार्क शेजारी ठेवून बघ. साडेअकराच्या रकान्यात चार पेगवाला शनिवार जिंकला तर मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे. आणि मित्राला हे उत्तर वाचायला देणार असशील तर आठच्या आधी दे.